तीन पोळ्या, चार मुलं

"मला मोठा अर्धा दे." घरात दोन मुलं आणि डब्यात एकच पोळी उरलेली असली की हे वाक्य ऐकू येतंच. मोठी माणसं हसतात, कारण अर्धे म्हटले की दोन्ही सारखे, त्यात मोठा-धाकटा कुठला? पण सात-आठ वर्षांचं मूल गंमत करत नसतं. त्याच्या हिशेबात पोळीचे दोन तुकडे झाले, त्यातला एक म्हणजे अर्धा. तुकडे सारखे असायला हवेत ही अट त्याच्या 'अर्ध्या'त अजून आलेलीच नसते.

मी तिसरीला शिकवते. पहिली काही वर्षं मीही फळ्यावर गोल काढायचे, त्याचे चार भाग करायचे, तीन भागांत खडू घासायचे आणि "तीन छेद चार" म्हणून घ्यायचे. मुलं पटापट लिहायची. मग एकदा वैतागून मी गोलाचे चार वेडेवाकडे भाग केले, त्यातला सगळ्यात मोठा रंगवला आणि विचारलं, किती? अख्ख्या वर्गानं १/४ लिहिलं. तेव्हा लक्षात आलं की मुलं अपूर्णांक वाचत नव्हती, खोकी मोजत होती. रंगवलेली खोकी वर, सगळी खोकी खाली. पुढे चौथी-पाचवीत जी मुलं १/४ हा १/३ पेक्षा मोठा सांगतात ("चार मोठे ना, बाई!"), त्यांची सुरुवात इथेच होते.

म्हणून आता मी फळ्याऐवजी पोळीपासून सुरुवात करते आणि पहिले दोन दिवस अंकांची खूण लिहीतच नाही.

शाळेच्या पोषण आहारातली खिचडी इथे उपयोगाची नाही, कारण ती 'एक' अशी मोजता येत नाही. पोळी एक असते, तिला कड असते, आणि तुकडे केले तरी ते परत जोडून पोळी दिसते. मी घरून घडीच्या पोळ्या नेते. घडीचीच का, तर ती करताना लाटी दुमडून पुन्हा दुमडलेली असते आणि डब्यातही आपण पोळी तशीच चौघडी ठेवतो. म्हणजे चार भागांची घडी मुलं रोज उघडून खातात, फक्त तिच्याकडे कोणी त्या नजरेनं पाहिलेलं नसतं. भाकरी दुमडत नाही, मोडते. पण तिच्या तुकड्याला आपल्याकडे 'चतकोर' असा छान शब्द आहे, तो मी याच तासाला फळ्यावर लिहून ठेवते. फुलका मात्र नेऊ नये. एका वर्षी नेला होता. "दोघांत सारखा वाट" म्हटल्यावर एका मुलीनं त्याचे दोन पापुद्रे सोडवले, वरचा मैत्रिणीला दिला आणि खालचा स्वतःला ठेवला. दोन्ही गोल, दोन्ही पोळीएवढे! वाटणी म्हणून तिचं डोकं उत्तम चाललं होतं, पण वरचा पापुद्रा पातळ की खालचा, या वादात तास संपला.

हात धुऊन, ताटं मांडून चार-चार मुलांचे गट बसतात. सुरी माझ्याकडे, मुलांनी फक्त कुठे कापायचं ते सांगायचं. पहिली वाटणी सोपी: एक पोळी, दोन मुलं. कापायच्या आधी विचारायचं, "सारखे झाले हे कसं ओळखशील?" बहुतेक मुलं नजरेनं सांगतात. एखादं मूल एक तुकडा उचलून दुसऱ्यावर ठेवतं. तसं कोणी केलंच नाही तर मी करते. एकावर एक ठेवायचं, कडा जुळल्या तर सारखे. ही एवढी एक सवय पुढच्या सगळ्या दिवसांत लागते. त्यानंतर एक पोळी चौघांत, मग दोन पोळ्या चौघांत. दोन पोळ्यांच्या वेळी काही गट प्रत्येक पोळीचे चार तुकडे करून सगळ्यांना दोन-दोन देतात, काही सरळ अर्धी-अर्धी देतात. दोघांनी आपापला वाटा एकमेकांच्या वाट्यावर ठेवून पाहावा. दोन पाव म्हणजे अर्धा हे सांगावं लागत नाही, ते ताटात दिसतं. (पाव म्हणजे चौथा भाग आणि वडापावचा पाव वेगळा, हे मात्र आधीच सांगून टाकावं. दर वर्षी कोणीतरी विचारतंच.)

या दिवसाचा खरा प्रश्न पुढे येतो. तीन पोळ्या, चार मुलं.

आधी गडबड उडते. "एक पोळी कमी आहे, बाई." मी म्हणते, नाही मिळणार, आहे त्यातच वाटा. साधारण दोन रस्ते निघतात. एक गट तिन्ही पोळ्यांचे चार-चार तुकडे करतो, बारा तुकडे होतात, प्रत्येकाला तीन. दुसरा गट दोन पोळ्या अर्ध्या-अर्ध्या करून सगळ्यांना एकेक अर्धी देतो आणि उरलेल्या पोळीचे चार तुकडे करून एकेक पाव वाढतो. एका ताटात तीन लहान तुकडे, दुसऱ्या ताटात एक मोठा आणि एक लहान. कोणाला जास्त मिळालं? वर्ग हमखास दोन तट पाडून भांडतो. मग आणखी एक अख्खी पोळी मधे ठेवायची आणि दोन्ही ताटांतला एकेक वाटा तिच्यावर रचायचा. दोन्ही वेळा पोळीचा एकच कोपरा उघडा राहतो, आणि तो उघडा कोपरा पाव आहे. 'पाऊण' या शब्दात हेच आहे: एकाला पाव कमी. मराठी मूल "पाऊण तास" ऐकत मोठं होतं, पण त्यातली पावाची उणीव त्याला दिसते ती अशी, पोळीच्या उघड्या कोपऱ्यात.

इथे एक उत्तर येतं, आणि ते आलं की मला आनंद होतो. बारा तुकडे करणाऱ्या गटातलं एखादं चुणचुणीत मूल म्हणतं, "बारातले तीन मिळाले." ते लिहिलं तर होईल ३/१२. चूक म्हणून खोडून टाकायचा मोह होतो, पण खोडू नये. ते खरंच बारातले तीन आहेत, फक्त कशाचे? सगळ्या पोळ्यांच्या चवडीचे. तीन पोळ्यांची चवड म्हणजे 'एक' धरलं तर प्रत्येकाला तिचा चौथा हिस्सा मिळाला. एक पोळी म्हणजे 'एक' धरलं तर पाऊण मिळाली. खाल्लेलं तेवढंच, पण मोजायला धरलेला 'एक' बदलला. त्या मुलाला एवढंच विचारायचं, "चवडीचे की पोळीचे?" पुढचा आठवडाभर वर्गात कोणी "पाव" म्हटलं की मी "कशाचा?" विचारते. पाव किलो आणि पाव पोळी सारखी नसते हे सगळ्यांना माहीत असतंच, त्या माहितीला इथे काम मिळतं.

खात्री करायला उलटंही करून पाहावं. चारही मुलांनी आपापली पाऊण पोळी परत मधे ठेवायची. जोडत गेलं की तीन पोळ्या पुऱ्या होतात. ज्यांच्या घरी पावकी, निमकी, पाऊणकी पाठ असलेले आजी-आजोबा आहेत, त्यांना "चार पाऊण किती?" विचारायला मी मुलांना सांगते. उत्तर पटकन येतं, आणि ते उत्तर म्हणजे या ताटातल्या तीन पोळ्या असतात. त्यानंतर पोळ्या खाऊन टाकायच्या. चटणी असेल तर उत्तमच.

पोळीनं सगळं होत नाही. तीन भागांपाशी ती अडते. "एक पोळी, तीन मुलं" म्हटलं की निम्मा वर्ग दोन उभ्या रेघा दाखवतो, पावाच्या लादीचे काप करतात तशा. गोलाची रुंदी तिघांत सारखी वाटली तरी मधल्याची चंगळ होते. हिशेब केला तर मधल्या पट्टीत पोळीचे सुमारे ४२ टक्के जातात आणि कडेच्या दोघांना जेमतेम २९-२९ टक्के. मुलांना टक्के सांगायचे नाहीत, कडेचा तुकडा मधल्यावर ठेवून दाखवायचा. योग्य वाटणी घड्याळावरून जमते: मधल्या बिंदूपासून १२, ४ आणि ८ च्या दिशेनं तीन रेघा. ते मी करून दाखवते, मुलांकडून करून घ्यायचा हट्ट धरत नाही. तीन भागांसाठी मी कागदाकडे वळते.

दुसऱ्या दिवशी कागद. आधी वाटीभोवती पेन्सिल फिरवून कापलेला गोल, म्हणजे कालचीच पोळी. ती दुमडायची, पुन्हा दुमडायची, उघडायची. घड्यांच्या रेघा मधोमध एकमेकींना छेदतात आणि चार चतकोर दिसतात. मुलं लगेच म्हणतात, "डब्यातल्या पोळीसारखी!" एवढा दुवा जुळला की गोल बाजूला ठेवायचा आणि पट्टी घ्यायची.

पट्टी २४ सें.मी. लांब आणि ३ सें.मी. रुंद. जुन्या वहीचा किंवा कॅलेंडरचा कागद चालतो, पुठ्ठ्यासारखा जाड नको. चोवीसच का, तर अर्धी १२, पाव ६, आठवा भाग ३ आणि तिसरा भाग ८ सें.मी., सगळं अख्ख्या सेंटिमीटरमध्ये येतं. घडी बरोबर पडली का हे मुलं मोजपट्टीनं मोजून स्वतःच तपासतात. एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर चालवून घ्यावं, अर्धा सेंटिमीटर सरकला तर परत करायला लावावं.

घड्या घालताना एक नियम: उघडण्याआधी अंदाज सांगायचा. एक घडी घातली, किती भाग? दोन. सगळे बरोबर. त्याच घडीवर पुन्हा मधोमध एक घडी, आता किती? इथे "तीन" येतं. काही मुलं घडी गणिक एक भाग वाढवतात. उघडल्यावर चार निघतात. तिसरी घडी घालायची, पुन्हा अंदाज. आता "सहा" येतं, कारण दोनाचे चार झाले तेव्हा दोन वाढले होते, म्हणून आताही दोन वाढतील. निघतात आठ. का, हे कळण्यासाठी घडी अर्धवट उघडी धरून दाखवावी: मी एक घडी घातली तेव्हा ती सगळ्या पदरांवरून गेली, म्हणून प्रत्येक पदराचे दोन झाले. चौथी घडी मात्र घालू नये. पदर जाड होतात, बाहेरचा पदर सरकतो आणि सोळा भाग काही सारखे येत नाहीत.

मग विचारायचं, "तीन भाग करायला किती घड्या?" उत्साहानं उत्तर येतं, तीन. त्यांनीच आत्ता तीन घड्यांचे आठ भाग पाहिलेत, तरीही. तीन भागांना दोनच घड्या लागतात, आणि त्या एकावर एक मधोमध नसतात, साडीच्या निऱ्यांसारख्या एक पुढे एक मागे असतात. पट्टी हातात सैल धरून नागमोडी दुमडायची, दोन्ही टोकं घड्यांच्या कडांशी जुळेपर्यंत सरकवायची आणि मगच दाबायची. आधी दाबलं की फसलं. दोनदा-तीनदा बिघडतं, नंतर जमतं.

आता दोन सारख्या पट्ट्या शेजारी ठेवायच्या, एक तीन भागांची, एक चार भागांची, आणि विचारायचं कुठला एक भाग मोठा. ८ सें.मी. आणि ६ सें.मी. समोर दिसतात. तरी मी पोळीकडे परत जाते: एक पोळी तिघांत आणि एक पोळी चौघांत वाटायची आहे, तुला कडकडून भूक लागलीय, कुठल्या ताटावर बसशील? या प्रश्नाला चुकणारं मूल मला अजून भेटलेलं नाही.

चौकोनी कागदाची एक गंमत इथेच करून घ्यावी. १२ सें.मी. बाजूचे तीन चौरस. पहिल्याला दोनदा एकाच दिशेनं दुमडून चार लांब पट्ट्या. दुसऱ्याला एकदा आडवं, एकदा उभं दुमडून चार लहान चौरस. तिसऱ्याला दोन्ही कर्णांवर दुमडून चार त्रिकोण. प्रत्येकातला एक भाग कापून शेजारी ठेवला की मुलं ठामपणे सांगतात की त्रिकोण मोठा, नाहीतर पट्टी मोठी, "लांब आहे ना". एकावर एक ठेवूनही कडा जुळत नाहीत, म्हणजे कालची युक्ती संपली. इथे कात्री काढायची. त्रिकोण टोकापासून खाली मधोमध कापला आणि दोन तुकडे फिरवून जोडले की तो लहान चौरस होतो. पट्टीचे मधोमध दोन तुकडे करून वर-खाली ठेवले की तीही लहान चौरस होते. आकार वेगळा, पण वाटा तेवढाच. ज्या मुलाला हे पटलं, त्याला चित्र फसवू शकत नाही.

तिसऱ्या दिवशी खूण. आधी वाटणीची: किती पोळ्या ते वर, किती मुलं ते खाली, मधे रेघ. तीन पोळ्या चौघांत, लिहा ३/४. मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात अपूर्णांकाकडे असं वाटणी म्हणून पाहण्यावर बरंच काम झालेलं आहे, आणि माझ्या अनुभवात मुलांना ही वाट खरंच सोपी जाते. मग कागदाची खूण: पट्टीचे सारखे चार भाग, त्यातले तीन घेतले, लिहा ३/४. खूण एकच, गोष्टी दोन. त्या एकच का, हे कालपरवाच्या ताटात आहे: प्रत्येक पोळीतून एकेक पाव मिळाला, तीन पोळ्यांतून तीन पाव. कागदावर तेच तीन पाव एकाच पट्टीत शेजारी बसले. 'अंश' आणि 'छेद' हे शब्द मी शेवटी, जाता जाता सांगते.

चौथ्या दिवशी ही कृतिपत्रिका. एका पानात बसते. गोल वाटीनं काढावेत, मुलांना २४ सें.मी.ची एक कोरी पट्टी सोबत द्यावी.

कृतिपत्रिका

१. इथे दोन पोळ्या आहेत (दोन गोल). मुलं चार. रेघा मारून वाटणी कर. एकाला किती पोळी मिळाली?

२. इथे तीन पोळ्या आहेत (तीन गोल). मुलं चार. वाटणी कर आणि एकाच मुलाचा वाटा रंगव. तो वाटा एका पोळीच्या किती? शब्दांत लिही आणि अंकांत लिही.

३. लाल ताटात एक पोळी आणि तीन मुलं. निळ्या ताटात एक पोळी आणि चार मुलं. जास्त पोळी हवी तर तू कुठे बसशील? का?

४. पट्टीला मधोमध घडी घाल. पुन्हा मधोमध घाल. उघडू नकोस. किती भाग झाले असतील? अंदाज: ____ आता उघड. मोजले: ____ परत घडी कर आणि आणखी एक घडी घाल. अंदाज: ____ मोजले: ____

५. कोणत्या चौकोनात पाव भाग रंगवला आहे? असतील तेवढ्या सगळ्यांवर खूण कर.
(अ) सारख्या चार पट्ट्या, एक रंगवलेली (आ) लहान-मोठ्या चार पट्ट्या, एक रंगवलेली (इ) दोन कर्णांनी झालेले चार त्रिकोण, एक रंगवलेला (ई) सारखे आठ भाग, त्यातले दोन दूर-दूरचे रंगवलेले

६. जोड्या लाव. एका पट्टीला दोन ताटं जोडली गेली तरी चालेल.

| ताट | पट्टी |
|---|---|
| १ पोळी, २ मुलं | चारातले तीन भाग रंगवलेले |
| १ पोळी, ४ मुलं | दोनातला एक भाग रंगवलेला |
| ३ पोळ्या, ४ मुलं | तिनातला एक भाग रंगवलेला |
| २ पोळ्या, ४ मुलं | चारातला एक भाग रंगवलेला |
| १ पोळी, ३ मुलं | |

७. खालची पट्टी (३ सें.मी.) ही एका मोठ्या पट्टीचा पाव भाग आहे. ती मोठी पट्टी काढ.

उत्तरं थोडक्यात: पहिल्यात अर्धी, दुसऱ्यात पाऊण, ३/४, तिसऱ्यात लाल ताट, चौथ्यात ४ आणि ८, पाचव्यात अ, इ आणि ई, सहाव्यात पहिलं आणि चौथं ताट दोनातल्या एक भागाला, बाकीची आपापल्या पट्टीला, सातव्यात १२ सें.मी.

तपासताना मी बरोबर-चूक यापेक्षा चूक कुठली आहे ते बघते. दुसऱ्यात ३/१२ लिहिलं असेल तर "कशाचा?" बाकी आहे, त्या मुलाला अख्ख्या गोलावर वाटा ठेवून दाखवायचा. चौथ्यातल्या अंदाजाला गुण नाहीत, पण मोजल्यानंतर अंदाज खोडून बरोबर केलेला दिसला तर मूल चुकायला घाबरतंय एवढं कळतं. पाचव्यात (आ) वर खूण असेल तर मूल अजून खोकी मोजतंय, त्याला पहिल्या दिवसाची पोळी परत हवी. (इ) सोडला असेल तर कात्रीचा प्रयोग परत, आणि फक्त (ई) सोडला असेल तर फार काळजी नाही, दोन पोळ्या चौघांत वाटण्याचं ताट आठवून दिलं की पुरतं. सहाव्यात प्रत्येक पट्टीला एकच ताट जोडायच्या नादात एक ताट रिकामं सोडणारी मुलं असतात. सूचना वाचून दाखवली तर बहुतेक वेळा स्वतःच दुरुस्त करतात.

सातवा प्रश्न सगळ्यात जास्त सांगतो. काही मुलं दिलेल्या ३ सें.मी.च्या पट्टीचेच चार बारके भाग करतात. त्यांना 'पाव' म्हणजे चार तुकडे करायची आज्ञा वाटते, अख्ख्याशी असलेलं नातं वाटत नाही. अशा मुलांना मी पुढच्या दिवशी घरून आणलेला एकच चतकोर देते आणि म्हणते, ज्या पोळीचा हा आहे ती पोळी पाटीवर काढ. बहुतेक जण चतकोर पाटीवर ठेवून त्याच्याभोवती खडू फिरवतात, मग तो फिरवून परत ठेवतात, परत फिरवतात, आणि चौथ्यांदा फिरवल्यावर गोल पुरा होतो.